नवजात बाळांचा फोटो स्टुडिओ : जाहिरातीच्या ओळी कशा लिहाव्यात?

सावेडी हा आपल्या नगरचा (आता अहिल्यानगरचा) मनमाड रस्त्याकडचा वाढलेला भाग. पाइपलाइन रोड, गुलमोहर रोड, प्रोफेसर कॉलनी या पट्ट्यात नोकरदारांची घरे आहेत आणि घरात बाळ आले की त्याचे फोटो चांगल्या ठिकाणी काढावेत अशी हौसही आहे. लग्नाच्या हंगामावर जगणाऱ्या फोटोग्राफर बंधूंसाठी हे वर्षभर चालणारे काम आहे. मुले जन्माला येण्याला हंगाम नसतो.

असाच एक तरुण फोटोग्राफर आमच्याकडे आला. त्याने सावेडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या आणि इन्स्टाग्रामवर फोटोखाली टाकायचा मजकूर, म्हणजे कॅप्शन, लिहून आणला होता. "चाचा, जरा नजर टाका, काही राहिले का?" असे म्हणून त्याने मोबाईल पुढे केला. मजकूर असा होता :

"आपल्या चिमुकल्याचे अनमोल क्षण आमच्या कॅमेऱ्यात! पॅकेज फक्त २,९९९ रुपयांपासून! १०० टक्के सुरक्षित, पूर्णपणे निर्जंतुक स्टुडिओ! मर्यादित जागा, आजच बुक करा!"

आम्ही त्याला विचारले, "बेटा, दहा दिवसांच्या बाळाची आजी हे वाचून काय विचारील?" तो विचारात पडला. आजी पाच गोष्टी विचारील. बाळ किती दिवसांचे हवे? एकूण पैसे किती? बाळाला ज्या कपड्यावर निजवणार तो कपडा आधी कुणाच्या अंगाखाली होता? बाळाला धरून कोण बसणार? आणि ठरलेल्या दिवशी बाळाला बरे नसेल तर दिलेल्या पैशांचे काय? त्याच्या चार वाक्यांत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. मोठे शब्द मात्र पुष्कळ होते.

प्रस्तुत लेखात हेच पाच प्रश्न घेऊन कॅप्शन नव्याने कसे लिहावे ते पाहू. कॅप्शनमधली प्रत्येक ओळ ही गिऱ्हाइकाशी केलेली बोली आहे. म्हणून ओळ लिहिण्याआधी तिच्यामागे स्टुडिओत काय करावे लागते, हेही सांगणे भाग आहे.

पहिली ओळ : बाळाचे वय

मोबाईलवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. बाकीचा मजकूर बोट लावल्यावर उघडतो. त्यामुळे पहिल्या ओळीत "अनमोल क्षण" घालणे म्हणजे दुकानाच्या पाटीवर दुकान कशाचे आहे तेच न लिहिणे. पहिल्या ओळीत तीन गोष्टी याव्यात : काम कोणते, ठिकाण कोणते आणि बाळाचे वय किती.

वयाची गोष्ट धंद्यातली माणसे जाणतात, पण आईवडिलांना ती कुणी सांगत नाही. मुटकुळे करून गाढ झोपलेल्या बाळाचे जे फोटो लोकांना आवडतात, ते साधारण पाचव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान चांगले निघतात. या दिवसांत बाळ पोटात होते तसे हातपाय जवळ घेऊन झोपते आणि हलक्या हाताने उचलले तरी बहुधा जागे होत नाही. तीन आठवड्यांनंतर ते हातपाय ताणू लागते, आवाजाने दचकते, आणि पोटदुखीची रडारडही सुरू होते. पाच दिवसांच्या आत बोलावणेही बरोबर नाही. तेव्हा आईचे दूध नुकतेच उतरत असते, बाळाचे वजन थोडे घटलेले असते आणि कावीळ वाढण्याचे दिवसही तेच असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा हिशेब लागू नाही. त्याच्या बाबतीत डॉक्टर सांगतील तेच खरे.

आता अडचण अशी की, आपल्याकडे मुसलमान काय किंवा हिंदू काय, बहुतेक घरांत बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. पाचवा ते पंधरावा दिवस नेमका त्याच काळात येतो. "दहाव्या दिवशी स्टुडिओत या" एवढेच लिहिणाऱ्याने अर्धे गिऱ्हाईक स्वतःच परत पाठवले असे समजावे. म्हणून दोन वाटा ठेवाव्यात : एकतर घरी येऊन साधे फोटो, नाहीतर सव्वा महिन्यानंतर स्टुडिओत जाग्या बाळाचे फोटो. दुसऱ्या प्रकारात मुटकुळ्याची झोप मिळणार नाही, पण बाळ नजरेला नजर देऊ लागलेले असते. हे आधीच स्पष्ट सांगितले तर पुढे तक्रार राहत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी विसरू नये. सातव्या दिवशी अकीका असेल तर बाळाचे जावळ त्याच दिवशी उतरते. काही आईवडिलांना जावळासकट फोटो हवा असतो, काहींना अकीक्यानंतर नाव ठरल्यावर नावासह. फोटो झाल्यावर "केस राहिले असते तर बरे झाले असते" असे ऐकण्यापेक्षा बुकिंगच्या वेळीच अकीक्याची तारीख विचारून घ्यावी. बारसे करणाऱ्या घरांत बाराव्या दिवसाची तारीख विचारावी.

दुसरी ओळ : पॅकेज आणि "पासून" हा शब्द

"फक्त २,९९९ पासून" ही ओळ आम्ही त्याच्याकडून कागदावर उलगडून घेतली. आकडे त्याच्या स्टुडिओचे आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे घालून पाहावेत.

नवजात बाळाच्या एका बैठकीला तीन ते चार तास लागतात. त्यात कॅमेरा प्रत्यक्ष चालतो तो एक तासही नाही. बाकीचा वेळ दूध पाजणे, ढेकर काढणे, कपडे बदलणे आणि पुन्हा झोपवणे यात जातो. त्याच्या बारा हजार भाड्याच्या जागेत महिन्याला बारा बैठका धरल्या तर एका बैठकीवर भाड्याचे १,००० रुपये पडतात. मदतनीस बाईंचे ७००, कपड्यांच्या धुलाईचे १५०, विजेचे १००, कॅमेरा-दिव्यांच्या झिजेचे ६००, छापील फोटो आणि छोट्या अल्बमचे ९०० रुपये. बेरीज ३,४५० झाली. यात त्याची स्वतःची मजुरी आलेलीच नाही. चार तास बैठक आणि आठ फोटो नीट करण्याचे सहा तास, असे दहा तास २५० रुपयांनी धरले तर आणखी २,५०० होतात. म्हणजे ५,९५० रुपये त्याचा खराखुरा खर्च आहे.

मग २,९९९ मध्ये काम कसे होणार? पदरमोड करून. किंवा दोन मार्गांनी, आणि दोन्ही वाईट. पहिला मार्ग म्हणजे गिऱ्हाईक आले की "अल्बमचे वेगळे, टोपीचे वेगळे, जास्तीच्या फोटोचे वेगळे" असे म्हणत बिल सहा हजारांवर नेणे. दुसरा मार्ग म्हणजे एका दिवशी तीन बाळे उरकणे, मदतनीस न ठेवणे आणि एकच कपडा दोघांना वापरणे. हा दुसरा मार्ग जास्त घातक आहे. या धंद्यात स्वस्ताईचा भार शेवटी बाळावर पडतो.

आम्ही त्याला दोनच पॅकेज ठेवायला सांगितले. स्टुडिओतील बैठक ६,५०० रुपये : चार तासांपर्यंत वेळ, तीन मांडण्या, नीट केलेले आठ फोटो, आईवडिलांसह एक फोटो, सहा पानांचा अल्बम. घरी येऊन बैठक ४,५०० रुपये : दोन तास, खिडकीच्या उजेडात साधे फोटो, नीट केलेले सहा फोटो, अल्बम नाही. जास्तीच्या फोटोचा दर एकच आणि तोही कॅप्शनमध्येच लिहिलेला. "पासून" हा शब्द काढून टाकला.

कराविषयी एक वाक्य. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर फोटोग्राफीवर १८ टक्के कर पडतो. नोंदणी असलेल्याने करासहित किंमत लिहावी, नाहीतर ६,५०० चे ७,६७० झालेले पाहून गिऱ्हाईक दारातच भांडते.

तिसरी ओळ : "निर्जंतुक" नव्हे, काय करता ते लिहा

निर्जंतुक हा ऑपरेशन थिएटरमधल्या हत्यारांसाठी वापरायचा शब्द आहे. फोटो स्टुडिओ निर्जंतुक होऊ शकत नाही, स्वच्छ होऊ शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेचे खोटे वर्णन करणारी, खोटी हमी देणारी किंवा महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली आहे. "१०० टक्के सुरक्षित" आणि "पूर्णपणे निर्जंतुक" हे दोन्ही शब्द त्या कक्षेत सहज येतात. त्यांच्या जागी आपण रोज काय करतो ते लिहावे. गिऱ्हाइकाला ते डोळ्यांनी पाहता येते.

सर्वांत आधी हात. अंगठ्या, घड्याळ, ब्रेसलेट काढून साबण-पाण्याने पाऊण मिनिट तरी हात धुवावेत, नखे कापलेली असावीत. बाळाला प्रत्येक वेळी हात लावण्याआधी आणि लंगोट बदलल्यावर पुन्हा धुवावेत. नुसते सॅनिटायझर चालते ते हात मळलेले नसतील तरच.

दुसरे कपडे. एका बाळाला वापरलेली चादर, टोपी, गुंडाळायचे कापड धुतल्याशिवाय दुसऱ्याला लागता कामा नये. बाळे शू करतात, शी करतात, दूध उलटतात, म्हणून प्रत्येक बैठकीला कपड्यांचे निदान दोन जोड जास्त लागतात. वास नसलेल्या साध्या साबणाने गरम पाण्यात धुवावे, दोनदा खळबळावे, उन्हात वाळवून इस्त्री करावे आणि झाकणाच्या डब्यात ठेवावे. लांब केसांची लोकरी गादी फोटोत छान दिसते, पण ती रोज धुता येत नाही. ती वापरायचीच असेल तर वर धुतलेले कापड घालूनच वापरावी. लाकडी वाडगा, टोपली यांना आतून धुता येणारे अस्तर लावावे, कुसळे आणि खिळे हाताने चाचपून पाहावेत.

येथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. कपड्यांना कसर लागू नये म्हणून ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. बाळाच्या कपड्यांत त्या कधीही ठेवू नयेत. त्यांतल्या नॅप्थॅलिनची वाफ कपड्यात मुरते आणि बाळाच्या श्वासातून व कातडीतून अंगात जाते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅप्थॅलिनने फुटतात आणि जोराची कावीळ होते. बाळात ही उणीव आहे की नाही हे बाहेरून कळत नाही आणि बहुतेक आईवडिलांनाही ते ठाऊक नसते. म्हणून गोळ्या नकोतच. अत्तर, उदबत्ती, धूप, डासांची वेटोळीही त्या खोलीत नकोत.

तिसरे माणसे. सरकारी लसीकरणात जन्माच्या वेळी बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि हिपॅटायटिस बी दिले जाते. डांग्या खोकल्यावरची लस सहाव्या आठवड्यापासून सुरू होते. दहा दिवसांच्या बाळाला त्या खोकल्यापासून फारसे संरक्षण नसते. म्हणून सर्दी, खोकला, ताप, जुलाब किंवा ओठावर पुरळ असलेल्या माणसाने त्या दिवशी खोलीत येऊ नये, मग तो मदतनीस असो, बाळाचा मामा असो, की स्वतः फोटोग्राफर. ओठावरच्या पुरळाचा विषाणू मोठ्यांना किरकोळ त्रास देतो, पण नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. बाळाचे चुंबन घेऊ नये हा नियम सर्वांना सारखा.

नाळ पडली नसेल तर ती कोरडी ठेवावी. तिच्यावर पट्टा, पावडर, तेल काही लावू नये. फोटोत ती झाकायची तर सैल कापडाने झाकावी.

चौथी ओळ : ऊब, वीज आणि हात

नवजात बाळाला थंडी वाजली की ते मोठ्या माणसासारखे कुडकुडत नाही. त्याची ऊब गुपचूप निघून जाते. अंगाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते. कपडे कमी असलेल्या फोटोंसाठी खोली २६ ते २८ अंशांवर हवी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा बाळ येण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी खोली तापवायला घ्यावी. तापमापक भिंतीवर उंच टांगून उपयोग नाही. बाळ निजते त्या उंचीवर तो ठेवावा, कारण गरम हवा वर जाते. पंखा बंद, एसीचा झोत बाळावर नाही.

तापमापकापेक्षा भरवशाची आणखी एक खूण आहे आणि ती प्रत्येक मदतनीसाला शिकवावी. दर दहा मिनिटांनी हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे पोट आणि तळपाय चाचपावेत. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट गरम पण पाय गार असतील तर बाळाला थंडी लागू लागली आहे. लगेच गुंडाळून आईच्या छातीशी द्यावे. पोटही गार लागले तर फोटो बंद, बाळ आईच्या अंगाला अंग लावून झाकावे आणि डॉक्टरांना फोन करावा. उलट बाळ लालबुंद झाले, मानेला घाम आला, श्वास भरभर चालू लागला तर खोली जास्त तापली आहे असे समजावे. हीटर बाळापासून दूर आणि झोत भिंतीकडे असावा.

हीटरवरून विजेची गोष्ट निघते. २,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढतो. दिवा-पंख्याचे साधे सॉकेट सहा अँपिअरचे असते. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड लावून हीटर आणि स्टुडिओचे दिवे एकत्र चालवले तर वायर तापते आणि आधी प्लग पिवळा पडतो, मग वास येतो. ही खूण दिसली की तिथेच थांबावे. हीटरला सोळा अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, योग्य जाडीची वायर आणि एमसीबी पाहिजे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला आपल्याच शहरातल्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण दगावले. बंद खोलीत धूर कोंडला की पळून जाता न येणाऱ्यांचे काय होते, हे आपण जवळून पाहिले आहे. स्टुडिओत अग्निशामक नळकांडे असावे आणि दाराला आतून कुलूप नसावे.

आता मांडणी. १९९६ साली ॲन गेडिस या ऑस्ट्रेलियन बाईंचे "डाउन इन द गार्डन" हे पुस्तक निघाले. फुलांत, पानांत निजलेली बाळे जगभर कॅलेंडरांवर गेली. तेव्हापासून लोक तसले फोटो मागतात. पण जे चित्र दिसते ते नेहमी एका क्षणी घडलेले नसते. बाळ दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकवून बसले आहे असा जो प्रसिद्ध फोटो आहे, तो दोन फोटो जोडून करतात. एका फोटोत मदतनीस बाळाचे डोके वरून धरतो, दुसऱ्यात मनगटे खालून धरतो, आणि मग संगणकावर हात पुसून टाकतात. एका क्षणालाही बाळ स्वतःच्या जोरावर तसे राहत नाही, राहूही शकत नाही. ज्याला जोडकाम येत नाही त्याने ती मांडणी करू नये. टांगता झोका, काचेची बरणी, उंच टेबल यांना साफ नकार द्यावा.

मान हनुवटीकडे दुमडली की बाळाची श्वासनळी दबते, आणि त्या वेळी ते रडत नाही, गप्प होते. म्हणून हनुवटी आणि छाती यांत एक बोट जाईल एवढी जागा कायम असावी. गुंडाळताना छातीवर दोन बोटे आत जावीत आणि पाय सरळ ताणून बांधू नयेत. गुडघे वाकलेले, मांड्या उघडता येतील असे ठेवावेत, नाहीतर खुब्यावर ताण येतो. मदतनीसाचा हात बाळापासून वीतभर अंतराच्या पलीकडे जाऊ नये आणि त्या वेळी त्याच्या दुसऱ्या हातात मोबाईल नसावा.

काही खुणा दिसल्या तर बैठक थांबवून बाळाला तडक रुग्णालयात न्यावे लागते. ओठ किंवा जीभ निळी दिसणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, शांत असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, झटके, दूध ओढेनासे होणे, अंग ढिले पडणे, आणि तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा पोचणे. हातापायांची बोटे थोडी निळसर दिसणे या वयात पुष्कळदा थंडीमुळे होते. ऊब दिल्यावर ते जाते. पण ओठांचा निळेपणा कधीही साधा समजू नये.

पाचवी ओळ : बुकिंगच्या पायऱ्या

बाळंतपणाची तारीख डॉक्टर सांगतात, पण बाळ त्या तारखेला बांधलेले नसते. म्हणून बुकिंग दोन टप्प्यांत ठेवावे. सातव्या-आठव्या महिन्यात नाव नोंदवून अंदाजे आठवडा राखून ठेवायचा आणि बाळ झाल्यावर दोन-तीन दिवसांत फोन करून दिवस पक्का करायचा.

त्या दुसऱ्या फोनवर विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत. बाळ पूर्ण दिवसांचे आहे का? दूध नीट पिते का? काचेत ठेवले होते का, कावीळ झाली आहे का, आणि असल्यास डॉक्टरांनी बाहेर नेण्यास परवानगी दिली का? घरात कुणाला सर्दी-ताप आहे का? अकीका किंवा बारसे कधी? आईची प्रकृती तीन-चार तास बसण्यासारखी आहे का? सिझेरियन झालेल्या बाईला जिना चढायला लावणारा स्टुडिओ असेल तर तेही आधी सांगावे.

आगाऊ रक्कम मोजकी घ्यावी. आमच्या तरुणाने एक हजार ठरवली. बाळ किंवा आई आजारी पडली तर दिवस पुढे ढकलण्याचे पैसे नाहीत, आणि बैठक होऊच शकली नाही तर रक्कम परत. रक्कम बुडेल या भीतीने कुणी तापलेले बाळ घेऊन येऊ नये, यासाठी हा नियम आहे. फोटोग्राफर स्वतः आजारी पडला तरी हाच नियम त्यालाही लागू.

आपल्या घरांतल्या बायकांच्या दृष्टीने दोन गोष्टी कॅप्शनमध्येच असाव्यात. दूध पाजायला दार बंद होणारी वेगळी खोली आहे का, आणि बाळाला हाताळणारी बाई आहे का. आईचा चेहरा फोटोत नको असेल तर नुसत्या हातांत बाळ घेतलेला फोटोही निघतो. हे विचारण्याचा संकोच गिऱ्हाइकावर टाकू नये, आपणच लिहावे. बाळाचे अंग झाकून फोटो काढण्याचा नियमही तसाच लिहून टाकावा.

शेवटची गोष्ट फोटोच्या मालकीची. पुष्कळ फोटोग्राफर समजतात की कॅमेरा माझा म्हणून फोटो माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढवून घेणाराच असतो. म्हणजे बाळाचा फोटो आईवडिलांचा. तो आपल्या जाहिरातीत वापरायचा तर त्यांची लेखी परवानगी वेगळ्या कागदावर घ्यावी, आणि परवानगी नाकारणाऱ्याला दर जास्त लावू नये. बाळाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि रुग्णालयाचे नाव कॅप्शनमध्ये कधीही टाकू नये.

तयार झालेले कॅप्शन

एवढे सगळे ठरल्यावर कॅप्शन लिहायला अर्धा तास पुरला. ते असे :

"सावेडीत नवजात बाळांचे फोटो. ५ ते १५ दिवसांचे झोपलेले बाळ किंवा सव्वा महिन्यानंतरचे जागे बाळ.

स्टुडिओत : ६,५०० रुपये. ४ तासांपर्यंत, ३ मांडण्या, ८ फोटो, ६ पानांचा अल्बम. तुमच्या घरी : ४,५०० रुपये. २ तास, ६ फोटो. जास्तीचा प्रत्येक फोटो २५० रुपये. याशिवाय कोणताही आकार नाही.

एका दिवशी एकच बाळ. प्रत्येक बाळाला धुऊन इस्त्री केलेले कपडे. डांबराच्या गोळ्या, अत्तर, धूप वापरत नाही. सर्दी-खोकला असलेल्यांना, आम्हालाही, खोलीत प्रवेश नाही.

खोली २६ ते २८ अंश उबदार. मदतनीस बाईंचा हात सतत बाळाजवळ. टांगत्या किंवा उंचावरच्या मांडण्या करत नाही. बाळ नको म्हणाले की आम्ही थांबतो. आईसाठी दार बंद होणारी खोली. आईचा चेहरा न दाखवता फोटो काढता येतो.

बुकिंग : १) सातव्या-आठव्या महिन्यात फोन करून आठवडा राखा, आगाऊ १,००० रुपये. २) बाळ झाल्यावर कळवा, अकीका-बारशाची तारीख सांगा, दिवस पक्का करू. ३) आजारपणात दिवस बदलण्याचे पैसे नाहीत. बैठक झाली नाही तर आगाऊ रक्कम परत. ४) फोटो २० दिवसांत. तुमच्या लेखी परवानगीशिवाय फोटो कुठेही टाकत नाही."

यात एकही पोकळ विशेषण नाही हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे, हा मजकूर त्यात आरामात बसतो. हाच मजकूर छापून स्टुडिओच्या दारात आणि मदतनीस बाईंच्या डोळ्यांसमोर लावावा. ज्या दिवशी त्यातली एखादी ओळ पाळता येणार नाही, उदाहरणार्थ हीटर बिघडला किंवा मदतनीस बाई आल्या नाहीत, त्या दिवशी गिऱ्हाइकाला सकाळीच फोन करून दिवस बदलावा.

तरुणाने मजकूर वाचला आणि म्हणाला, "चाचा, यात एका दिवशी एकच बाळ लिहिले, मग दुसरे गिऱ्हाईक परत पाठवायचे?" आम्ही म्हटले, परत पाठवू नकोस, दुसऱ्या दिवसाची तारीख दे. त्याने ती ओळ ठेवली. घरी जाऊन त्याने कॅप्शन आधी आपल्या आईला वाचून दाखवले. तिने एकच प्रश्न विचारला, "बाळासोबत किती माणसे आलेली चालतील?" ती गोष्ट आमच्याही नजरेतून सुटली होती. आता कॅप्शनमध्ये आणखी एक ओळ आहे : "बाळासोबत तीनच माणसे, सर्व निरोगी."